बाह्यांपुरती लोकर

वहिनींची ऑर्डर अडकली हे मला वहिनींच्या फोनवरूनच कळलं.

"अगं, मेसेज आलाय. म्हणे, 'मर्यादा ओलांडल्यामुळे आपली ऑर्डर थांबवली आहे.' आता या वयात मी कुठली मर्यादा ओलांडली गं?"

मी हसले. तेव्हा हसू येत होतं.

आमचा लोकरीचा घाऊक धंदा. मी ऑर्डरींच्या टेबलावर बसते. वहिनी म्हणजे आमच्या स्वेटरवाल्या गिऱ्हाईक. घराच्या तळमजल्यावर विणकामाची मशीनं टाकलीत, त्या आणि त्यांची जाऊ मिळून चालवतात. यंदा पहिल्यांदाच त्यांना एका शाळेचं काम मिळालं होतं, मरून स्वेटरचं. पाठी-पोटं विणून झाली होती, बाह्या राहिल्या होत्या. त्यासाठी लोकर हवी होती, आणि ती त्याच लॉटची. रंग तोच असला तरी दर खेपेला तो जरासा वेगळा उतरतो, म्हणून प्रत्येक खेपेला लॉटनंबर असतो. त्या लॉटचे शेवटचे कोन, म्हणजे लोकर गुंडाळलेल्या मोठ्या रिळी, आमच्या गोदामात शिल्लक होते.

मी वहिनींचं खातं उघडलं. आमच्याकडे नियम सोपा आहे. नवी ऑर्डर भरली की सिस्टिम त्या गिऱ्हाइकाची बाकी बिलं, कबूल केलेला पण न गेलेला माल आणि ही नवी ऑर्डर यांची बेरीज करते. बेरीज ठरलेल्या उधारीच्या वर गेली की ऑर्डर थांबते. थांबलेल्या ऑर्डरीला माल राखून ठेवत नाहीत आणि गोदामात चिठ्ठीही जात नाही. नियमाला माझी हरकत नाही. पूर्वी सगळं तोंडी चालायचं, गोड बोलणारा माल घेऊन जायचा आणि आम्ही त्याच्या दारात खेटे घालायचो.

पण वहिनींची बाकी आली कुठून? ही बाई बिलाची तारीख चुकवत नाही. मग दिसलं. गेल्या खेपेतली पांढरी लोकर मशीनवर सारखी तुटत होती, म्हणून त्यांनी परत केली होती. गोदामाने ती जमा करून घेतली होती. तपासनीसाने 'माल सदोष' असा शेरा मारला होता. फक्त ती रक्कम त्यांच्या खात्यातून वजा करायची क्रेडिट नोट मंजूर झाली नव्हती, आणि ती होईपर्यंत सिस्टिमच्या लेखी ते बिल वहिनींच्या डोक्यावर होतं. लोकर आमच्या गोदामात आणि बाकी त्यांच्या नावावर! नोट अडली होती सेल्सच्या साहेबांकडे. यांना आम्ही पाठीमागे 'बघूया' म्हणतो, कारण तोंडातून दुसरा शब्द निघत नाही.

मी तडक त्यांच्या केबिनमध्ये गेले.

"साहेब, वहिनींची क्रेडिट नोट मंजूर करा. एवढ्यासाठी त्यांची ऑर्डर अडकलीय."

"बघूया."

"बघायचं काय? माल आपलाच खराब होता."

"महिना संपू दे गं. आत्ता परतीचा माल दाखवला तर माझा विक्रीचा आकडा खाली येईल."

हे त्यांनी लाजत सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण ते चहा ढवळत होते.

"मग ऑर्डर तरी तुमच्या अधिकारात सोडा."

"ती मी थांबवलीये का? सिस्टिमने थांबवलीय. सिस्टिमला सगळे सारखे. आज तिला सोडलं तर उद्या सगळे येतील."

मी टेबलावर परतले तर शेठच्या मेहुण्याची ऑर्डर आली होती, मरून लोकरीचीच. मेहुण्याची बाकी तर विचारूच नका. त्यांचीही ऑर्डर थांबली, स्क्रीनवर लाल झाली. आणि माझ्या डोळ्यांदेखत, पुरतं पाणीही पिऊन झालं नव्हतं, ती हिरवी झाली. सोडणारे: सेल्सचे साहेब. कारण: 'वरिष्ठांशी बोलणे झाले.' सिस्टिमला सगळे सारखे, फक्त साहेबांना काही जण जास्त सारखे.

पुढचं मला लगेच कळलं आणि मी जिन्याकडे धावले. ऑर्डर सुटली की गोदामात चिठ्ठी जाते, आणि चिठ्ठी जुना लॉट आधी मागते. खाली गोदामवाले मामा वहिनींच्या लॉटचे कोन पेटीत भरत होते.

"मामा, हे नका देऊ. मेहुण्यांना कुठलाही मरून चालतो. त्यांना नवा लॉट द्या."

"चालत असेल गं. पण चिठ्ठीवर हा नंबर आहे. बदलायचा तर साहेबांची परवानगी लागते."

"वहिनींच्या बाह्या अडल्यात हो!"

मामांनी हात थांबवला. साहेबांना फोन लावला, माझ्यासमोर. फोनमधून काय उत्तर आलं ते मला न ऐकताही ठाऊक होतं. बघूया. मामांनी थोडा वेळ वाट पाहिली, पण टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. माल गेला. शेठ बाहेरगावी होते, फोन उचलत नव्हते. मी वर येऊन साहेबांच्या दारात उभी राहिले आणि ज्या आवाजात घरीसुद्धा बोलत नाही त्या आवाजात बोलले. ते म्हणाले, "एवढं काय मनाला लावून घेतेस? मरून तो मरून."

महिना उलटल्यावर साहेबांनी क्रेडिट नोट मंजूर केली. वहिनींची बाकी आपोआप उतरली, ऑर्डर आपोआप मोकळी झाली आणि त्यांना आपोआप मेसेज गेला: 'आपल्या सहकार्याबद्दल आभार.' या आभारांनी तर माझ्या अंगाचा तिळपापड झाला. लोकर अर्थातच दुसऱ्या लॉटची होती. तोवर वहिनींनी चार दुकानं पालथी घातली होती. तो लॉट कुठेच नव्हता आणि शाळेची तारीख तोंडावर आली होती. त्यांनी मिळाली त्या लोकरीच्या बाह्या विणल्या.

नंतर एका दुपारी त्या ऑफिसात आल्या. हातात एक पिशवी. मला म्हणाल्या, "शाळेने सगळे स्वेटर परत पाठवले. काम दुसऱ्याला दिलं." आणि साहेबांच्या केबिनमध्ये शिरल्या. मीही मागोमाग गेले. मला कोणी बोलावलं नव्हतं, पण जाणार कशी नाही?

वहिनींनी स्वेटर टेबलावर पसरला. साहेबांनी ट्यूबलाइटखाली तो वरखाली केला.

"कुठे काय? फरक दिसतसुद्धा नाही. शाळावाले उगाच नाटकं करतात."

मी स्वेटर उचलला आणि खिडकीत धरला. उन्हात पोट मरून दिसत होतं आणि बाह्या विटकरी. लहान पोरानेही ओळखलं असतं.

साहेबांनी खिडकीकडे पाहिलं नाही. "वहिनी, झालं ते झालं. तुमची उधारीची मर्यादा वाढवून देतो. मग तर खूश?"

आता वहिनी चिडतील असं मला वाटलं. त्या चिडल्या नाहीत. एवढा शांत आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

"मर्यादा नको साहेब. माझी होती तेवढी मला पुरत होती. तुमचा खराब माल तुम्ही माझ्या नावावर ठेवला नसता तर ती आजही पुरली असती." मग त्यांनी माझ्या हातातून स्वेटर घेतला, नीट घडी घातली, बाह्या आत दुमडल्या आणि साहेबांपुढे धरला. "तुमची धाकटी त्याच शाळेत जाते ना? तिच्याच मापाचा निवडून आणलाय. तुम्हाला फरक दिसत नाही ना? मग उद्या हा घालून पाठवा तिला."

साहेब स्वेटरकडे बघत राहिले. मीही बघत होते, त्यांच्या हातांकडे. हात टेबलावरून हलले नाहीत.

"घ्या ना," वहिनी म्हणाल्या. "पैसे नकोत."

आयुष्यात पहिल्यांदा साहेबांना 'बघूया' म्हणता आलं नाही.