नखाचे व्रण असलेली कणसं

आत्या कणीस सोलून बघत नाही. मुठीत धरते, अंगठा वरच्या टोकापर्यंत सरकवते आणि पिशवीत तरी टाकते किंवा परत ढिगावर ठेवते. एका कणसाला तिला तीन सेकंद लागतात. मी त्या सकाळी बाजारात तिच्या शेजारी उभी राहून मोजले होते.

"कळतं कसं?" मी विचारलं.

"टोक भरलंय का ते बोटाला लागतं. पोकळ लागलं की दाणा अजून धरलेला नाही. फार टणक लागलं की निबर. आणि हे केस बघ. शेंड्याला तपकिरी, चिकट, पण आत सालीशी अजून ओले, फिकट हिरवे. सगळेच वाळलेले असले की उशीर झाला."

"आणि देठ?"

"देठ कापलेला ओला हवा. देठ वाळला म्हणजे तोडून दिवस झाला. तोडल्यापासून गोडी उतरायला लागते."

हे शेवटचं मला माहीत होतं. साखरेचं पिष्ट होतं, आणि उन्हात ते आणखी लवकर होतं. पण हे माहीत असणं आणि एका अंगठ्याने ते ओळखणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

व्यापारी वैतागला होता. "बाई, कणसं घेताय की घरात सून आणताय?"

"सुनेला एवढं बघितलं नव्हतं, म्हणून तर आता कणसं नीट बघते," आत्या म्हणाली, आणि व्यापारी हसला म्हणून त्याच्या ढिगातलं खालचंही उपसून काढलं.

एकशे चाळीस कणसं घेतली. एरवी ती साठ घेते. पण तो दिवस वेगळा होता.

आत्याची गाडी अकरा वर्षं क्रीडामैदानाच्या फाटकाबाहेर उभी असते. त्या फुटपाथवर आता पाइप टाकण्यासाठी खणणार होते आणि काम संपल्यावर तिथे कुंपण येणार होतं. एकच वाट उरली होती. मैदानाच्या आत, प्रेक्षकांच्या पायऱ्यांमागच्या अंगणात एक कोपरा होता. तो द्यायचा की नाही, हे मैदानाचे सेक्रेटरी ठरवणार होते. त्यांनी एक दिवस दिला होता, शर्यतींचा शनिवार. त्यांच्या अटी दोनच होत्या: पायऱ्यांवर धूर जाता कामा नये आणि मधल्या सुट्टीत ओळीने वाट अडता कामा नये. अट मोडली तर कोपरा नाही. कोपरा नाही तर आत्याकडे दुसरी जागा नव्हती.

नऊ वाजता गाडी अंगणात लागली. कणसं ओल्या गोणपाटाखाली सावलीत ठेवून आत्या सेक्रेटरींकडे कागदावर सही करायला गेली. जाताना म्हणाली, "काही करू नकोस. फक्त गोणपाट ओलं ठेव."

मी काही न करता बसू शकत नाही, हा माझा जुना दोष आहे. मला वाटलं, एवढा महत्त्वाचा दिवस आणि सगळा भरवसा एका अंगठ्यावर? एकही निबर कणीस सेक्रेटरींच्या हातात पडायला नको. मी पहिलं कणीस सोललं आणि मधल्या दाण्यात नख रोवलं. पांढरं दूध बाहेर आलं. म्हणजे योग्य. पाण्यासारखं स्वच्छ आलं असतं तर फार कोवळं, घट्ट पीठ आलं असतं तर निबर. मग दुसरं. मग तिसरं. खात्रीसाठी प्रत्येकात तीन ठिकाणी नख. वहीत तीन रकाने पाडले. टेबलावर ऊन आलं, ते माझ्या लक्षातही आलं नाही.

आत्या अकराला परतली, तेव्हा एकशे वीस झाली होती.

तिने टेबलाकडे बघितलं. एकशे वीस उघडी कणसं, उन्हात. पहिल्या रांगेतल्या दाण्यांचं तेज गेलं होतं, काही खड्ड्यासारखे आत बसायला लागले होते. प्रत्येक कणसावर नखाचे तीन व्रण आणि त्यांवर वाळलेल्या दुधाची खपली. साली एका बाजूला ढीग लावून ठेवल्या होत्या, अगदी व्यवस्थित.

"किती निघाली निबर?" तिने विचारलं.

"तीन. आणि पाच फार कोवळी. बाकी सगळी बरोबर, आत्या! एकशे बारा! तू न सोलता..."

"तीन कणसांसाठी एकशे सतरांना टोचलंस?"

मी वही मिटली.

शेजारचा चहावाला, जो फाटकाबाहेरून तिच्याबरोबरच आत आला होता, वाकून बघत म्हणाला, "ताई, ही कणसं आहेत की इंजेक्शन घेतलेले पेशंट?"

"तू तुझं दूध बघ, उतू जाईल," आत्या म्हणाली. पण आवाजात नेहमीचं बळ नव्हतं. तिने एक कणीस उचललं, दाण्यांवरून अंगठा फिरवला. "निखाऱ्यावर ठेवलं तर चामडं होईल. ओल उडालीय. आणि गिऱ्हाईक टोचलेलं कणीस घेत नाही. आधीच कुणीतरी नाकारलेलं दिसतं."

"मी पळत जाऊन नवीन आणते."

"बाजार दहाला उठतो."

तिने पदर खोचला. मला वाटलं आता बोलणी बसतील. त्याऐवजी ती चहावाल्याकडे वळली. "तुझं मोठं पातेलं दे. झाकणासकट."

"चहाला वास लागेल मक्याचा."

"लागला तर लोक दुप्पट पितील. दे."

पुढचा तास मी तिचे हात बघत होते. तिने माझ्या व्यवस्थित ढिगातल्या आतल्या कोवळ्या साली निवडल्या आणि पातेल्याच्या तळाशी जाड थर दिला. वर कणसं आडवी, मग पुन्हा साली, पुन्हा कणसं. सगळ्यात वर सालींचं जाड पांघरूण. पाणी तळाच्या थरापुरतंच.

"मीठ?" मी विचारलं.

"पाण्यात नाही. दाणा चिवट होतो. आणि वरून लावायचंय ते खारट होईल."

पहिलं कारण खरं की नाही, याची मला शंका होती. नंतर घरी मी दोन पातेल्यांत करून बघितलं, मला फरक कळला नाही. दुसरं कारण मात्र निर्विवाद होतं.

झाकण लावल्यावर तिने घड्याळ बघितलं नाही. वासावर लक्ष ठेवलं. आधी वाफेला कापलेल्या गवताचा वास होता. थोड्या वेळाने तो एकदम बदलला, गोडसर झाला, आणि त्याच क्षणी तिने झाकण उचललं. दाणे फुगून एकमेकांना टेकले होते. खड्डे भरले होते. व्रण मात्र होते.

"आता हे," ती म्हणाली आणि शेगडीकडे वळली. कोळसे पेटून त्यांवर राखेची पातळ साय आली होती, ज्वाळ कुठेच नव्हती. तिने वाफवलेलं कणीस जाळीवर ठेवलं. आधी नुसतं पाणी सुकलं. मग पंख्याचे चार झपाटे, देठाला धरून पाव वळसा, पुन्हा झपाटे, पुन्हा पाव वळसा. मिनिटभरात कणसावर काळे-तपकिरी ठिपके उमटले, आणि त्या ठिपक्यांत माझी नखं कुठे गेली ते मलाही सापडेना.

"लिंबू दे. थांब, त्या वाटीत बुडवू नकोस!"

एरवी ती लिंबाची फोड मीठ-तिखटाच्या वाटीत दाबते आणि तीच कणसावर घासते. आज तिने फोड आधी नुसतीच फिरवली, जरा पिळत, आणि मीठ-तिखट चिमटीने वरून सोडलं. "वाफवलेलं ओलं असतं. घासलं तर तिखट घसरून सगळं देठाशी जाईल."

मी चावा घेतला. गोड, मग आंबट, मग जिभेच्या कडेला तिखट. मी लगेच दुसरा चावा घेतला. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, तेवढं तिला पुरलं.

साडेबाराला सुट्टी झाली आणि पायऱ्यांवरून गर्दी उतरली. ओळ लागली, पण थांबली नाही. कच्चं कणीस भाजायला सहा-सात मिनिटं लागतात, हे मिनिटात तयार होत होतं. केस आणि साली आधीच निघालेल्या, त्यामुळे धूरही जवळजवळ नव्हता. सेक्रेटरी कोपऱ्यात उभे राहून बघत होते. उंच, वाकलेले गृहस्थ, गळ्यात शिट्टी. ओळ ओसरल्यावर ते पुढे आले, एक कणीस मागितलं आणि उभ्या उभ्या अर्धं खाल्लं.

"छान. धूर नाही, खोळंबा नाही. रोज हे असंच करणार असाल तर कोपरा तुमचा."

मी सुटकेचा श्वास सोडला.

"असं रोज होणार नाही, साहेब," आत्या म्हणाली.

मी तिच्या पदराला हिसका दिला. तिने माझा हात बाजूला केला.

"आज पोरीनं कणसं सोलून ठेवली, सुकली, म्हणून आधी वाफवली. चव वाईट नाही. पण ही भाजलेली कणसं नव्हेत. माझ्याकडे लोक भाजलेल्याला येतात. उद्या 'वाफवलेलं का नाही' म्हणून तुम्ही मला उठवाल, त्यापेक्षा आजच सांगते."

"मग भाजलेलं म्हणजे काय वेगळं?"

गोणपाटाखाली माझ्या तावडीतून सुटलेली वीस होती. आत्याने एक काढलं. साली एकामागून एक मागे ओढल्या, पण तोडल्या नाहीत, त्यांचीच मूठ केली. केस बोटांनी पुसून काढले म्हणजे जळून धूर होणार नाही. मग निखाऱ्यावर. दाणे तडतडायला लागले. एक फुटून उडाला. सेक्रेटरी मागे सरकले, पण गेले नाहीत. पाव वळसा, झपाटे, पाव वळसा. त्यांच्यामागे चार लोक येऊन उभे राहिले, मग सात. मी घड्याळ बघत होते. सहा मिनिटं. ओळीचं टोक वाटेत आलं होतं. सगळं हातचं चाललं, असं मला वाटलं.

लिंबाची फोड वाटीत दाबली गेली, आणि या वेळी आत्याने ती जोर लावून घासली, देठापासून टोकापर्यंत आणि परत. गरम दाण्यांवर रस चर्र वाजला.

सेक्रेटरींनी खायला सुरुवात केली. दाण्यांची एक ओळ संपवली, कणीस फिरवलं, दुसरी ओळ संपवली. चहावाला पातेलं घासायचं थांबवून त्यांच्याकडे बघत राहिला. मागून कुणीतरी ओरडलं, "काका, सरका की, आम्हालाही हवंय!"

सेक्रेटरींनी वळून बघितलं. ओळ वाटेच्या पार गेली होती. त्यांनी कणीस डाव्या हातात घेतलं, धावपट्ट्या आखायची चुन्याची गाडी भिंतीशी उभी होती ती ओढून आणली, आणि शेगडीपासून भिंतीच्या कडेकडेने, वाट मोकळी सोडून, एक लांब पांढरी रेघ मारली.

"या रेघेवर उभं राहायचं," त्यांनी ओळीला सांगितलं. मग आत्याकडे बघून म्हणाले, "मिठाचा हात जरा हलका ठेवा, ताई. मला बीपी आहे, आणि मी रोज येणार."