चालवून पाहिले

कुरकुंभच्या कंपनीत पायथॉन ही कॉम्प्युटरची भाषा येणाऱ्या दोन माणसांची जागा निघाली. मुलाखती घ्यायची पाळी आली सुलक्षणा थोरातवर आणि तिला पायथॉनचं अक्षरही येत नव्हतं. ती एचआरमध्ये होती, बी.कॉम. झालेली, दौंडहून रोज कंपनीच्या बसने येणारी. कामगारांच्या रजा, सेफ्टी शूजचे नंबर आणि कॅन्टीनमधल्या भाताच्या तक्रारी हा तिचा विषय. पण रिअ‍ॅक्टरचं तापमान दर सेकंदाला नोंदवून त्यावर हिशेब मांडणारा जो विभाग होता, त्याचा प्रमुख विश्वजीत जगदाळे ऐन वेळी गुजरातच्या प्लांटमध्ये ऑडिटला गेला. विभागात दुसरं कुणी उरलंच नव्हतं, म्हणून तर जागा निघाली होती.

जाताना त्याने तिच्या हातात दोन पानं दिली.

"चार प्रश्न आहेत. उत्तरं खाली लिहिलीत. तुम्ही फक्त जुळवायचं. जुळलं की दहा मार्क. दोघांना निवडा, मी आल्यावर शिक्का मारतो."

"आणि अर्धं जुळलं तर?"

"तर अर्धे द्या, मॅडम. तुम्हाला काय शिकवायचं!"

मुलाखतीला नऊ जण आले. आठ जण शिरूरच्या एकाच क्लासचे. न्हावऱ्यामार्गे एकाच गाडीतून आलेले, इस्त्रीचे शर्ट एकाच रंगाचे. नववी केडगावची गौतमी शेलार. तिथल्या एका दूध संकलन केंद्रात ती कॉम्प्युटरवर काम करत होती आणि एक दिवसाची रजा काढून आली होती. मोबाइल सगळ्यांचेच गेटवर जमा झाले. औषधाच्या कंपनीत तो नियमच असतो.

पहिल्या मुलाला सुलक्षणाने पहिला प्रश्न वाचून दाखवला. जनरेटर म्हणजे काय?

मुलगा ताठ बसला. "जनरेटर म्हणजे असं फंक्शन, जे यील्ड वापरून एका वेळी एकच किंमत देतं. ट्रकमधली कांद्याची सगळी पोती एकदम न उतरवता एकेक पोतं उतरवावं, तसं. त्यामुळे मेमरी वाचते."

सुलक्षणाने कागद पाहिला. कागदावरही पोती होती. तिने दहा मार्क दिले.

दुसऱ्यानेही पोतीच उतरवली. तिसऱ्याने 'मेमरी वाचते'च्या आधी अगदी पहिल्या दोघांसारखाच श्वास घेतला. चौथ्यापर्यंत सुलक्षणाला वाटायला लागलं की या विषयाचं असंच असेल. आरतीचे शब्द कुणी आपल्या मनाने बदलत नाही, तसं. डेकोरेटर म्हणजे मूळ फंक्शनला हात न लावता त्याच्याभोवती दुसरं फंक्शन गुंडाळणं. ग्लोबल इंटरप्रिटर लॉक म्हणजे एका वेळी एकच थ्रेड, म्हणजे कामाचा एकच धागा, पायथॉनचं काम करू शकतो, म्हणून पायथॉनमध्ये थ्रेड निरुपयोगी. चौथ्या प्रश्नात चार ओळींचा कोड होता. एक फंक्शन, त्याला एक आकडा आणि एक यादी द्यायची. यादी दिली नाही तर रिकामी यादी धरायची, आकडा तिच्यात टाकायचा आणि यादी परत द्यायची. ते फंक्शन आधी 1 देऊन बोलावलं, मग 2 देऊन बोलावलं, दोन्ही वेळा यादी न देता. काय छापून येईल?

"आधी एकाची यादी, मग दोनाची यादी," आठही जण म्हणाले. कागदही तेच म्हणत होता.

आठ जणांना चाळीसपैकी चाळीस पडले. दोन जागा आणि आठ पहिले. सुलक्षणाने चहा मागवला.

मग गौतमी आली. तिच्या उत्तरात पोती नव्हती.

"मोठी फाइल असली की जनरेटर एकेक ओळ वाचून पुढं देतो, सगळी फाइल मेमरीत घेत नाही. पण मॅडम, तो एकदा संपला की संपला. पुन्हा पहिल्यापासून पाहिजे असेल तर नवा करावा लागतो. डेअरीत मी यात एकदा फसले होते. दुसऱ्यांदा बेरीज केली तर शून्य आली."

कागदावर डेअरी नव्हती. सुलक्षणाने सात दिले. डेकोरेटरचं गौतमीने बरोबर सांगितलं, पण पुढे ती म्हणाली की गुंडाळताना मूळ फंक्शनचं नाव हरवतं, ते जपायला वेगळी सोय करावी लागते. हे कागदावर नव्हतं. सात. लॉकवर तर तिने सरळ वादच घातला.

"निरुपयोगी कसे म्हणता येतील? नुसती आकडेमोड असेल तर थ्रेड वाढवून वेग वाढत नाही, हे खरं. तिथं वेगवेगळे प्रोसेस चालवावे लागतात. पण दहा सेन्सरकडून उत्तर यायची वाट बघायची असेल, तर वाट बघताना थ्रेड लॉक सोडतो आणि दुसऱ्याला काम करता येतं. तिथं थ्रेड कामाचेच. आणि आता लॉक नसलेलं पायथॉनही निघालंय, पण ते मुद्दाम वेगळं घ्यावं लागतं."

तीन मार्क.

चौथ्या प्रश्नाला गौतमीने कोड दोनदा वाचला. "आधी एकाची यादी. मग एक आणि दोनाची."

"नक्की?" सुलक्षणाने विचारलं. असं विचारायचं नसतं, पण पोरगी हुशार वाटत होती आणि सतरा मार्कांवर अडकत होती.

"नक्की. ती रिकामी यादी फंक्शन लिहिलं जातं तेव्हा एकदाच तयार होते. दर वेळी नवी होत नाही. पहिल्या वेळी टाकलेला एक तिच्यातच राहतो."

"माझ्याकडे उत्तर वेगळं आहे."

गौतमीने कागदाकडे पाहिलं नाही. "मग चालवून बघा ना, मॅडम. दोन मिनिटांचं काम आहे."

हे सुलक्षणाला सुचलंच नव्हतं. कामगाराची रजा चालवून बघता येत नाही. तिच्या लॅपटॉपवर पायथॉन नव्हतं आणि बसवायचं तर आयटीला अर्ज करून तीन दिवस थांबावं लागलं असतं. पण ट्रेनिंग रूममधल्या कॉम्प्युटरवर होतं. ती गौतमीला घेऊन तिकडे गेली आणि स्वतः टाइप करायला बसली. पहिल्यांदा लाल अक्षरं आली.

"डावीकडे जागा सोडा. चार वेळा स्पेस."

दुसऱ्यांदा चाललं. पडद्यावर [1] आलं आणि खाली [1, 2].

सुलक्षणाने सगळं पुसून पुन्हा टाइप केलं. तिला वाटलं, चूक आपलीच असेल. पुन्हा तेच आलं. मग तिने तिसऱ्यांदा 3 देऊन बोलावलं, कुणी न सांगता. [1, 2, 3]. तिला हसू आलं, पण मुलाखत चालू होती म्हणून तिने ते दाबलं.

गौतमीला बाहेर बसवून तिने विश्वजीतला फोन लावला.

"व्हय का?" तो म्हणाला. मागे ऑडिटरचा आवाज येत होता. "मग ती जुनी प्रिंट असंल. पण सगळ्यांना एकच कागद होता ना? मग अन्याय कुणावर झाला?"

"जिचं उत्तर बरोबर आलं तिच्यावर. सर, हा कागद तुम्ही तयार केला?"

"तयार म्हंजी... शिरूरला आमचा संपत हाय, कॉलेजातला दोस्त. क्लास चालवतो. त्याने पाठवला होता."

सुलक्षणाने खिडकीतून पाहिलं. कॅन्टीनसमोर संपत सरांचे आठ विद्यार्थी वडापाव खात निकालाची वाट पाहत होते.

"सर, मी त्यांना परत बोलावते."

"विचारणार काय? तुम्हाला पायथॉन येत नाही."

"एवढं येतं," सुलक्षणा म्हणाली आणि फोन ठेवला.

तिने एकेकाला ट्रेनिंग रूममध्ये घेतलं, कोड चालवून दाखवला आणि एकच विचारलं, "असं का आलं?" पहिला म्हणाला, कॉम्प्युटर रीस्टार्ट करून बघा. तिने केला. दुसरा म्हणाला, व्हर्जन जुनं असेल. तिसऱ्याने तोच कोड पुन्हा चालवला, पुन्हा तेच आलं आणि सुलक्षणाला त्याची दया आली. चौथ्याने विचारलं, हा प्रश्न धरला नाही तर तीसपैकी किती होतील?

सातवा होता मलठणचा म्हाळू वाबळे. तो पडद्याकडे बघून म्हणाला, "मला म्हाईत होतं."

"काय माहीत होतं?"

"हेच येणार. यादी एकच हाय, तीच परत वापरली जाती. मी घरी चालवलं होतं. तिथं रिकाम्या यादीऐवजी 'नन', म्हंजी काहीच नाही, असं धरायचं आन् आत नवी यादी करायची, मग नीट चालतं." त्याने टाइप करून दाखवलं. [1] आलं, खाली [2].

"मग सकाळी चुकीचं का सांगितलंस?"

म्हाळूने बोटं मोडली. "सरांना दाखवलं होतं. ते म्हणले, इंटरव्ह्यूला कागदावरचं सांगायचं. तुमच्या हातात कागद होता, मॅडम. मला तो दिसत होता."

सुलक्षणाला राग यायला हवा होता, पण तोच कागद बघून तीही सकाळपासून मार्क देत होती. आठव्याने, अपेक्षेप्रमाणे, रीस्टार्ट सुचवला.

आता अडचण कागदाची होती. औषधाच्या कंपनीत कागदावर खाडाखोड चालत नाही. चुकलेल्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी बरोबर लिहायचं, सही, तारीख आणि कारण. सुलक्षणाने हे नियम शेकडो कामगारांना शिकवले होते. तिने [2] वर रेघ मारली, शेजारी [1, 2] लिहिलं, सही केली आणि कारणाच्या जागी लिहिलं: चालवून पाहिले. थ्रेडच्या उत्तरातल्या 'निरुपयोगी' शब्दावर मात्र तिने रेघ मारली नाही. ते तिने चालवून पाहिलं नव्हतं. तिथे तिने प्रश्नचिन्ह काढून 'विश्वजीत सरांनी तपासावे' असं लिहिलं.

विश्वजीत गुरुवारी परतला. तो कागद त्याने बराच वेळ वाचला. मग 'निरुपयोगी'वर स्वतः रेघ मारली आणि कारणाच्या जागी बराच विचार करून लिहिलं, 'अर्धे खरे'. गौतमी आणि म्हाळू दोघांना त्याने पुन्हा बोलावलं आणि प्रत्येकाशी तासभर बोलला. गौतमीला लगेच घेतलं. म्हाळूबद्दल सुलक्षणाला विचारलं तेव्हा तिने सगळं जसंच्या तसं सांगितलं. विश्वजीत म्हणाला, "येत असून चुकीचं बोलला म्हंजी रिपोर्टवर पण साहेबाला आवडंल तेच लिहील का?"

"विचारा त्याला."

त्याने खरंच विचारलं. म्हाळू म्हणाला, "कागद कुणाच्या हातात हाय त्याच्यावर." विश्वजीतला हे उत्तर आवडलं नाही, पण खरं वाटलं. त्याने त्याला सहा महिने प्रोबेशनवर घेतलं.

शिरूरला संपत सरांच्या क्लासवर म्हाळूच्या फोटोचा फ्लेक्स लागला, खाली 'चाळीसपैकी चाळीस'. ते खोटं नव्हतं. पहिल्या फेरीचे मार्क तेवढेच होते. उरलेल्या सात मुलांना सुलक्षणाने नकाराचं पत्र पाठवलं आणि, कंपनीत तशी पद्धत नसताना, खाली एक ओळ जास्तीची लिहिली, की उत्तर पाठ करण्याआधी घरी एकदा चालवून बघावं. एकाचं उत्तर आलं. मॅडम, आमच्या घरी कॉम्प्युटर नाही.

ते तिने दोनदा वाचलं. मग ट्रेनिंग रूम शनिवारी दुपारी रिकामी असते का, हे विचारायला ती प्लांट हेडच्या केबिनकडे निघाली.