पुढची मारामारी कधी

माणसाने निर्लज्ज तरी किती असावं? कपाटांच्या दुकानात थोरल्याने धाकट्या भावाला बदडलं आणि त्याचा व्हिडिओ स्वतःच दुकानाच्या पेजवर टाकला. आज महिन्याचा रिपोर्ट ऐकताना तो मिशीत हसत होता. धाकट्याच्या कपाळावरचे टाके अजून ओले होते.

"दोन लाख लोकांनी बघितलं. आणखी काय पाहिजे?" थोरला म्हणाला.

"गिऱ्हाईक," पेज सांभाळणारी पोरगी म्हणाली. "काका, त्यावर मेसेज ढीगभर आले. सगळे विचारतात, पुढची मारामारी कधी. भाव एकानेही विचारला नाही. धाकट्या काकांनी कपाटाचं कुलूप दाखवलं, तो व्हिडिओ जेमतेम नऊशे जणांनी बघितला. पण अकरा जणांनी भाव विचारला, तिघांनी कपाट नेलं."

धाकटा फिस्सकन हसला. तेवढं पुरलं. थोरल्याने त्याची गचांडी धरून त्याला कपाटावर आपटलं. पत्रा दणाणला, टाके उसवले, रक्त डोळ्यांत उतरलं. मध्ये पडलेल्या पोरीच्या नाकावर कोपर बसलं.

नाक दाबून तिने रस्त्याकडे बघितलं. काचेबाहेर ही मोठी गर्दी, सगळ्यांचे मोबाईल वर. दुकानाचं दार सताड उघडं होतं. आत कोणी पाऊल टाकलं नाही.