आपणांस व आपल्या परिवारास

पहिल्या आंघोळीला पाठीला उटणं लावता लावता मोहिनीने जे सांगितलं, त्याने ललितला कढत पाण्यातही हुडहुडी भरली.

गेल्या दिवाळीला त्याने सासू-सासऱ्यांना मोबाइलवर शुभेच्छा धाडल्या होत्या. वर पणत्या, मध्ये सोनेरी अक्षरांत 'आपणांस व आपल्या परिवारास दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा', आणि खाली 'ललित, फवारणी यंत्रे दुरुस्ती, दिंडोरी'. हाच मजकूर दीडशे द्राक्षबागायतदारांनाही गेला होता. गिऱ्हाइकांच्या त्या यादीत घोटीचे सासरेही बसले होते.

"आई वर्षभर विचारतेय," मोहिनी म्हणाली, "'आपला परिवार' म्हणजे काय? जावईबापू आमच्या परिवारात नाहीत का?"

"वर्षभर? आणि तू आज सांगतेस?"

"परवा म्हणाली, यंदा बघू काय धाडतात."

झालं! बागांची छाटणी नुकतीच उरकलेली, फवारणीची घाई, रोज कुणाचा ना कुणाचा ब्लोअर बंद पडायचा. भाऊबीजेआधी घोटीला जाणं शक्य नव्हतं. म्हणजे सगळी भिस्त चार ओळींवर, आणि लिहिणं म्हटलं की या गृहस्थाच्या अंगावर काटा यायचा.

फराळाचं ताट पुढ्यात तसंच ठेवून त्याने सुरुवात केली. 'ती. मामा व मामी यांस शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष...'

"सोसायटीची नोटीस वाटतेय," मोहिनी म्हणाली.

मग त्याने मोबाइललाच मजकूर तयार करायला सांगितलं. 'आपल्या प्रेमाच्या तेजाने माझे जीवन उजळून निघाले आहे.'

"बाबा विचारतील, हा कोण?"

ललित पुरता गोंधळला. मानाने लिहावं तर नोटीस, गोड लिहावं तर परका. मग माणसाने लिहावं तरी काय?

"तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला लिहिताच येणार नाही असं काहीतरी लिही," मोहिनी म्हणाली. "आणि थोरांना शुभेच्छा वाटू नकोस. त्यांच्या पाया पड."

एकेक करत त्याने ताटातल्या सगळ्या चकल्या मोडल्या. मग एका दमात लिहिलं:

'मामा, आवणीच्या वेळी मी हौसेने तुमच्याबरोबर भात लावायला खाचरात उतरलो आणि बुटांसकट चिखलात बसलो. सगळे हसले, तुम्ही हसला नाहीत. दुसऱ्या सकाळी धुतलेले बूट चुलीपाशी ठेवताना मी तुम्हाला पाहिलं. सासऱ्याने माझे बूट धुतले याची इतकी लाज वाटली, की बोलायचंच राहिलं. ते आज बोलतो. मामी, माझ्या वाटणीच्या करंज्या ठेवा, भाऊबीजेला येतोय. दोघांच्या पाया पडतो. तुमचा ललित.'

धाडलं. दोन निळ्या खुणा उमटल्या आणि पुढे काहीच नाही. पाच मिनिटं गेली, अर्धा तास गेला. जास्त बोललो का? बुटांचं काढायला नको होतं का? तासाभराने फोन वाजला.

"जावईबापू," पुंजाराममामांचा आवाज दबका होता. उभी हयात भातगिरणीच्या खडखडाटात गेलेला हा माणूस एरवी ओरडूनच बोलायचा. "खरं सांगा. काय झालंय?"

"कुठे काय?"

"मोहिनीशी भांडण? का दवाखान्याचं काय निघालं?"

"नाही हो मामा! दिवाळी आहे म्हणून लिहिलं."

"दिवाळीला असं कुणी लिवतं का? मी दोनदा वाचलं. हिला वाचून दाखवलं, तर ही रडाया लागली. आम्हाला वाटलं, कायतरी लय वाईट हाय."

ललितला हसावं की रडावं कळेना.

"आन् एक सांगतो," मामा चाचरले. "बूट म्या नाय धुतले. म्या नुसते चुलीपाशी ठेवले."

"मग कुणी धुतले?"

पलीकडे बांगड्या वाजल्या. सरुमामी फोनवर जावयाशी 'बरे आहात ना' यापलीकडे कधी गेल्या नव्हत्या.

"म्या धुतले! पाटच्याला उठून, नखं मोडेस्तोवर. आन् नाव यांचं!"

"मामी, मला खरंच..."

"ऱ्हाऊ दे. बरं लिवलंस. आता माझं येगळं लिही. आन् भाऊबीजेला चपला घालून ये, पोरा."

फोन बंद झाला. ललित पडलेल्या चेहऱ्याने तसाच उभा.

"काय म्हणाली?" मोहिनीने विचारलं.

"रागावल्यात. बूट त्यांनी धुतले होते. म्हणाल्या, माझं वेगळं लिही, चपला घालून ये."

"लिही म्हणाली? लिहा नाही?"

"लिही. आणि... पोरा."

मोहिनीला हसू फुटलं. मग कुठे ललितच्या टाळक्यात उजेड पडला. त्याने मोबाइल घेतला, 'मामी' लिहिलं, पुसलं, 'आई' लिहिलं. पुढची अक्षरं काही त्याला दिसेनात.