सीटला दोन, चालकाला पाच

माझा धाकटा भाऊ लांब पल्ल्याची बस चालवतो. त्या दिवशी मी त्याच्याच गाडीत होते. अर्ध्या वाटेत फॅनबेल्ट तुटला. इंजिन तापायला लागलं तशी त्यानं गाडी कडेला घेतली आणि तोंड लपवलं नाही. सरळ सगळ्यांसमोर उभा राहिला.

"गाडी इथून हलणार नाही. दुसरी मागवतोय. खोटी वेळ सांगणार नाही, कळेल तसं सांगत राहीन."

आणि सांगत राहिला. एका म्हातारीला हाताला धरून सावलीत बसवलं, शिव्या देणाऱ्यालाही पाणी दिलं. ऑफिसचा फोन नुसता वाजत होता. शेवटी त्यानं ओळखीच्या चालकाकडून दुसरी गाडी मिळवली. पोचायला तीन तास उशीर झाला.

घरी आल्यावर बस कंपनीनं मोबाइलवर विचारलं, प्रवास कसा झाला? पाचापैकी तारे द्या. नवरा म्हणाला, "भाऊ आहे तुझा, दे सगळीकडे पाच."

"का? ती सीट काय त्यानं शिवलीय?"

वेळेला एक दिला. सीटला दोन, पाठ टेकली की आतली पट्टी बरगडीत घुसायची. चालकाच्या वागणुकीला पाच. उशीर झाल्यावरच्या व्यवस्थेला एक, आणि खाली लिहिलं, 'चालक माझा सख्खा भाऊ आहे. त्यानं निभावलं. ऑफिसनं फोनसुद्धा उचलला नाही.'

पुढच्या आठवड्यात भावाला ऑफिसात बोलावलं. त्या फेरीला तारे कमी पडले, म्हणून त्याला या मार्गावरून काढणार होते. मीही गेले.

"पाचापैकी जेमतेम दोन," मॅनेजर म्हणाला. "आणि ताई, तुमचा अभिप्राय धरता येत नाही. भावाला पाच दिलेत."

"मग ते पाच काढा. वेळेचा एक आणि सीटचे दोन ठेवा. ते त्याचे नाहीत, तुमचे आहेत."

"ताई, गप बस ना," भाऊ पुटपुटला.

"का गप बसू? साहेब, हे दोन कशाकशाचे आहेत, उघडून बघितलंत?"

नव्हतं बघितलं. वरचा एकूण आकडा बघून माणसाला दोषी ठरवून मोकळे! तिकिटांच्या टेबलावरच्या बाईंनी न विचारताच एकेक अभिप्राय उघडून मोठ्यानं वाचायला घेतला. "वेळ एक, सीट एक, चालक पाच. वेळ एक, सीट दोन, चालक पाच. हा एक बघा, चालक चार. गाणी लावत नाही म्हणे."

मॅनेजरनं घसा खाकरला. "बरं. उद्यापासून घे तुझी गाडी."

मला वाटलं, आता हा हात जोडणार. पठ्ठ्या जागचा हलला नाही.

"आधी नवा बेल्ट बसवा, गाडी अजून तशीच उभी आहे. तुटायच्या आधीच दोनदा सांगितलं होतं मी."

"मॅनेजर मी आहे की तू?"

"तुम्हीच, साहेब. पण माणसं माझ्या गाडीत बसतात."

माझी छाती अशी फुगली की विचारू नका. मॅनेजरनं गॅरेजला फोन लावला. बेल्ट बसेपर्यंत भाऊ तिथून हलला नाही. मीही नाही. सख्खी आहे मी.