नवव्या स्लाइडचा वेळ

जुलै लागला की आमच्या लाकूड कापायच्या गिरणीत माणसंच बदलतात. कायमची मंडळी सुट्टीवर पळतात आणि त्यांच्या जागी कॉलेजातली पोरंपोरी येतात. सगळा स्वीडनच तेव्हा रिकामा होतो, त्यात नवल काही नाही. फक्त गुन्वोरला कधी पळता येत नव्हतं. ती कामगारांनी निवडून दिलेली सुरक्षा प्रतिनिधी. नव्यांना पहिल्या सोमवारी स्लाइड दाखवून तीच शिकवणार, आणि तिने हो म्हटल्याशिवाय कुणी यंत्राजवळ जायचं नाही, हा आमचा नियम. म्हणून तिचा नवरा हेल्गे दर वर्षी उत्तरेच्या बेटांवर मेहुणीकडे एकटाच जायचा. त्यावर चहाकॉफीच्या वेळी काय काय बोललं जायचं, ते इथे नको.

यंदा त्या बहिणीची साठी होती. गुन्वोरने दोघांची बोटीची तिकिटं काढली आणि आमच्या व्यवस्थापक अनेलीला सांगून टाकलं, की या जुलैत मी नाही. अनेलीने त्याच दुपारी फर्मान काढलं, की स्लाइडचा बोलता व्हिडिओ करा. काम आलं माझ्या गळ्यात. पडद्यावर दिसणारं जे काही असेल ते सिक्स्टनचं, म्हणजे माझं, हाही इथला नियमच म्हणायचा.

मला वाटलं होतं, स्लाइडवरची वाक्यं वाचून काढली की झालं. कसलं काय! पडद्यावरचंच मोठ्याने वाचलं, की ऐकणारा आधीच पुढे वाचून मोकळा होतो आणि मग खिडकीबाहेर बघत बसतो. म्हणून वाक्यं गाळली, चित्रं ठेवली, आणि एक तक्ता केला. डावीकडे स्लाइड, मध्ये निवेदन, उजवीकडे ती कधी यायची, कधी जायची, आणि कोणत्या शब्दावर कोणतं चित्र उमटायचं. ‘कुलूप’ हा शब्द आला, की कुलूप दिसलं पाहिजे, आधी नको, नंतर नको. प्रत्येक तुकडा मोठ्याने वाचून घड्याळ लावलं, शेवटी एक श्वास मोकळा सोडला, नाहीतर कान पोचतो आणि डोळा मागे राहतो. या खेळात मला भलतीच गोडी लागली. घरी बायकोला भाजी चिरताना म्हणालो, तू ‘कांदा’ कांदा दिसायच्या आधी म्हणतेस. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी बाहेर जाऊन बसलो.

आणि मग नववी स्लाइड. आठवीवर फळीच्या कडा कापणारं यंत्र: बंद करा, कुलूप लावा, दाबाची हवा सोडा. दहावीवर: आता झाकण उघडा. मधली नववी कोरी करडी. शब्द नाही, चित्र नाही, खाली टीप नाही. मला वाटलं, चुकून राहिली असेल. पण इतकी वर्षं चुकून? गुन्वोरला विचारलं.

“तिथे मी गप्प बसते,” ती म्हणाली.

“किती वेळ?”

“होईपर्यंत.”

काय होईपर्यंत, ते विचारायच्या आत ती निघून गेली. आमच्याकडे हे असंच. माणसं उत्तर देतात, पण त्याची शेपूट आपणच शोधायची.

म्हणून रिकाम्या खोलीत मी तिला सगळा वर्ग घ्यायला लावला आणि आवाज टिपून घेतला. नववी आली आणि बाई गप्प झाल्या. मी खुर्चीत चुळबुळ करायला लागलो. न राहवून म्हणालो, “पुढे जायचं?”

“हात गेला तुझा,” गुन्वोर शांतपणे म्हणाली.

तेव्हा उलगडलं. त्या यंत्रात फळी दाबून धरणारे जड रूळ हवेच्या दाबावर वर टांगलेले असतात. मोटर थांबली, कुलूप लागलं, तरी नळ्यांतली हवा सुटायला वेळ लागतो, आणि ती सुटता सुटता रूळ आवाज न करता खाली येतात. कोरी स्लाइड म्हणजे तेवढी वाट पाहणं. वर्गात जो आधी बोलेल त्याचा हात गेला, असं ती जाहीर करायची. मी मनापासून हसलो. इतकी चांगली स्लाइड मी आयुष्यात पाहिली नव्हती, आणि तिच्यावर काहीच नव्हतं.

अनेलीला मात्र ती नको होती. व्हिडिओ अडकला असं समजून पोरं पुढचं बटण दाबतील, म्हणाली, आणि तिचं म्हणणं काही वावगं नव्हतं. गुन्वोर म्हणाली, नववी गेली तर मी हो म्हणणार नाही. आणि तिने हो म्हटलं नाही तर सोमवारी तिलाच वर्ग घ्यावा लागणार, बोट सुटणार, बहिणीची साठी तिच्याविना होणार. हे तिलाही कळत होतं. तरी हटेना.

मी तोड काढली. करड्या पडद्याऐवजी यंत्रावरच्या दाबमापकाची सुई दाखवू, खरी, न कापता. डोळ्यांना काम मिळालं की माणूस तोंड बंद ठेवतो. या वेळी तोंड न उघडता मी गुन्वोरची शांतता पुन्हा टिपली, मोजली, उजव्या रकान्यात लिहिली, आणि कॅमेरा घेऊन आम्ही दोघं खाली गेलो.

तिने यंत्र बंद केलं, कुलूप घातलं, हवेचा कॉक फिरवला. सुई आधी झपाट्याने पडली, मग रेंगाळायला लागली. मी घड्याळ बघत होतो. गुन्वोरची शांतता संपली. सुई अजून वरच होती. रूळही वरच. आम्ही दोघं तिथे उभे, आणि घड्याळ पुढे चाललेलं. किती तरी वेळाने रूळ अलगद खाली बसला.

गुन्वोरने दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने उघडून पाहिलं तर हवा बाहेर पडायच्या तोंडाशी भुसा घट्ट बसला होता. त्याने ते साफ केलं, पुन्हा करून पाहिलं, तर सुई झरझर खाली. म्हणजे तिच्या शांततेपेक्षाही लवकर.

“मी पोरांना माझं गप्प बसणं शिकवलं,” ती म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. “सुई बघायला शिकवलंच नाही. मागच्या जुलैत कुणी माझ्या भरवशावर हात घातला असता तर?”

मला तिची फार दया आली, पण तिला दया दाखवायची म्हणजे पंचाईत. मी म्हणालो, “घातला नाही ना कुणी. चल, तक्ता दुरुस्त करू.”

आठवीच्या निवेदनाला तिने एकच वाक्य जोडलं: सुई शून्यावर येईपर्यंत आणि रूळ खाली बसेपर्यंत थांबा, मग कितीही वेळ लागो. नववीसाठी आम्ही भुसा अडकलेलं, ते लांबलचक चित्रणच घेतलं. मधल्या रकान्यात काही नाही. उजवीकडे मी लिहिलेला आकडा तिने खोडला आणि लिहिलं, ‘सुईला विचारा’. चित्रणाची लांबी मी नंतर गुपचूप कोपऱ्यात लिहिली, नाहीतर व्हिडिओ जोडायचा कसा! तेवढ्यापुरतं पुढचं बटण बंद केलं. अनेलीने तो तुकडा पाहिला, मध्येच “अडकलं का?” म्हणाली, स्वतःच ओशाळली, आणि मान्य करून गेली. गुन्वोरने हो म्हटलं, आणि बोट पकडली.

सोमवारी पोरांना व्हिडिओ दाखवला. नववीवर खोलीत कुणी खोकलंही नाही, पण त्याने काय सिद्ध होतं? झोपलेही असतील. दुपारी त्याच यंत्रात ढलपा अडकला. टुवा नावाची नवी मुलगी तिथे होती. तिने बंद केलं, कुलूप लावलं, हवा सोडली, आणि खिशात हात घालून सुईकडे बघत उभी राहिली. पट्टा थांबला, मागे फळ्या साचल्या. पाळीप्रमुख लेनार्ट धावत आला, मनगटावरचं घड्याळ तिच्या नाकासमोर धरून म्हणाला, वाट कसली बघतेस? ती त्याच्याकडे वळलीसुद्धा नाही.

“सुई आली नाही अजून,” ती म्हणाली.

भुसा पुन्हा बसला होता की काय कोण जाणे, सुई येता येईना. मी फोन काढला. बेटावरून गुन्वोरचा निरोप सकाळीच येऊन पडला होता: कसं चाललंय?

मी लिहिलं, “बंद आहे. अजून बंदच आहे. केक खा.”