अडवायला ठेवलेला नंबर

आंब्याचा धंदा घरचा, पण वेबसाइटचं लोढणं माझ्या गळ्यात. सुहास, म्हणजे माझा नवरा, बाग आणि पेट्या बघतो. गिऱ्हाइकांची नावं, पत्ते, मोबाइल मी सांभाळते. आपली माहिती दुरुस्त करायची किंवा काढून टाकायची असेल तर कळवा, म्हणून साइटवर ईमेल दिलेला आहे. तिथं फार तर कुणाचा पिनकोड चुकलेला असतो. या फेब्रुवारीत तिथं मनस्वीचं पत्र आलं.

मनस्वीनं आमच्याकडून कधी काही विकत घेतलेलं नाही. तिचे वडील काशीरामकाका पोफळीच्या वीजघरातून निवृत्त झाले आणि रत्नागिरीत एकटे राहतात. दर मोसमात दुकानात येऊन ते माझ्याकडून साइटवर ऑर्डर भरून घेतात: एक पेटी, पुण्याला, मनस्वीच्या नावानं. पेटी पोचली की माझ्या स्क्रीनवर हिरवी खूण येते. तेवढी बघायला ते पुन्हा रिक्षा करून येतात आणि खुर्चीवर बसून ती खूण बघत राहतात.

बापलेकीचं बोलणं बंद आहे. तिनं स्वतःच्या मर्जीनं लग्न केलं, तर यांनी आई गेल्याचंसुद्धा तिला तेरावं झाल्यावर कळवलं. हे त्यांनीच मला सांगितलं. मला इतका संताप आला होता की त्या दिवशी मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही. पण हिरवी खूण बघताना त्यांचा चेहरा बघितला, की राग धरवत नाही.

पत्र खरंच तिचं आहे का, हे आधी बघावं लागतं. आमच्याकडे असलेल्या तिच्या मोबाइलवर कोड पाठवला. तिनं तो साइटवर भरला. पत्रात तिनं लिहिलं होतं, "ते घर मी तीन वर्षांपूर्वी सोडलं. पेट्या घरमालक ठेवून घेतात. मला फक्त तुमचे मेसेज येतात. माझी माहिती काढून टाका आणि माझ्या नावानं यापुढे काही पाठवू नका."

तीन वर्षं घरमालक आंबे खातोय आणि काका इथं हिरवी खूण बघतायत! माझा जीव कळवळला. मी लगेच लिहिलं, की पत्ता बदलला असेल तर दुरुस्त करून देते, नवीन कळवा. त्यात थोडा लबाडपणा होता, नाही असं नाही. अर्ध्या तासात उत्तर आलं, "दुरुस्ती नको. काढूनच टाका."

मग काढलं. पत्त्यांच्या यादीतून, मेसेजच्या यादीतून, सुहासच्या पॅकिंगच्या शीटमधून. कुरियरवाल्यांनाही त्यांच्याकडचं काढायला कळवलं. जुनी बिलं करासाठी ठेवावीच लागतात, त्यांवर नाव राहील. बाकी सगळं गेलं, असं तिला लिहिलं. आणि पुन्हा कुणी तिला पाठवायला गेलं तर साइटनं अडवावं, म्हणून नुसता तिचा मोबाइल नंबर, नाव नाही, गाव नाही, 'पाठवू नये'च्या यादीत ठेवला. तेही तिला सांगितलं. ती "चालेल" म्हणाली.

एप्रिलमध्ये काका आले. "काय गो नम्रता, मनस्वीची पेटी टाक."

"तिचं नाव आता इथं नाही, काका."

"इसारला वाटतं तुजा कंपूटर. घे, मी सांगतो." त्यांनी पत्ता पिनकोडासकट तोंडपाठ सांगितला, मग मोबाइल. मला सांगायचं धैर्य होईना, म्हणून भ्याडासारखी मी टाइप करत गेले. नंबर भरला आणि लाल अक्षरं आली: या नंबरवर पार्सल पाठवू नये, अशी विनंती आहे.

काकांनी चष्मा वर करून ते वाचलं. "कोनी केलान विनंती?"

"ज्याचा नंबर, त्यालाच करता येते, काका."

ते खुर्चीवर टेकले. बाहेर सुहास पेट्यांना खिळे ठोकत होता.

"तिनी सोता लिवलान?"

"हो."

"माज्याबद्दल काय लिवलान काय?"

"नाही."

"गेल्या वर्साची पेटी पोचली ना पन?"

तिचं पत्र तिचं होतं, ते मला सांगता येत नव्हतं. "पोचल्याची नोंद होती," मी म्हटलं. खरं तेच होतं, आणि बोलताना माझी मलाच लाज वाटली.

"म्हंजे बरी हाय. लिवन्याइतकी बरी हाय." त्यांनी डोळे पुसले. "तुज्याकडं तिचं आता काय उरला?"

"जुन्या बिलांवरचं नाव. आणि नुसता नंबर, तोही फक्त अडवण्यापुरता. मला त्यावर फोन करता येत नाही, मेसेज टाकता येत नाही."

"नको करू." काका उठले, दारापर्यंत गेले आणि मागं वळले. "पन तेवढा असू दे हां, बाय. पुढल्या वर्सी मी येईन, तू परत टाकून बघ. अडवलान तर अडवलान."

मी मान हलवली. त्या दिवशी पहिल्यांदाच ते पेटी न पाठवता, पावती न घेता परत गेले.